पन्नास चौरस मीटरांवरून अख्ख्या मंडळाचे उत्पादन

पीक कापणी प्रयोग म्हणजे शेतातला ठरावीक मापाचा तुकडा आखून, त्यातले पीक कापून, मळून, वजन करून त्यावरून हेक्टरी उत्पादन काढण्याची पद्धत. महाराष्ट्रात बहुतेक पिकांसाठी हा तुकडा 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद असतो. त्याचे क्षेत्र 50 चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तुकड्यात 6 किलो सोयाबीन निघाले, तर 200 ने गुणून हेक्टरी 1,200 किलो, म्हणजे 12 क्विंटल. हिशोब एवढाच आहे. पण तो तुकडा कोणत्या गावात, कोणत्या शेतात आणि शेताच्या कोणत्या भागात आखायचा, आणि असे किती तुकडे कापले म्हणजे अख्ख्या महसूल मंडळाची सरासरी विश्वासाने सांगता येते, हे ठरवण्यासाठी संख्याशास्त्र लागते. 2016 च्या खरिपात सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर शेतकऱ्याची भरपाई ठरते.

इंग्रजी अमलात पीक नजरेने जोखले जाई. सामान्य वर्षाचे पीक सोळा आणे धरायचे आणि यंदाचे किती आणे आहे ते गावकामगाराने सांगायचे, ही आणेवारी. पुढे तिची पैसेवारी झाली. यातली अडचण गावकामगाराच्या प्रामाणिकपणाची नव्हती. ‘सामान्य’ म्हणजे किती, हे कोणी मोजलेलेच नसे आणि दोन माणसांचे दोन अंदाज पडताळून पाहायला काही साधन नसे. 1920 च्या दशकात बिहार-ओरिसा प्रांतात जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने भाताची छोटी छोटी क्षेत्रे यादृच्छिक पद्धतीने निवडून, कापून मोजली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगालमध्ये तागाच्या सर्वेक्षणापासून हेच काम फार मोठ्या प्रमाणावर नेले. त्यानंतर 1940 च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करणारे विनायक गोविंद पानसे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांनी या प्रयोगांना आजचे रूप दिले.

त्या काळात तुकड्याच्या आकारावर मोठा वाद झाला. महालनोबिस यांच्या पथकांचा कल लहान वर्तुळाकार कापणीकडे होता: तुकडा लहान असला की काम लवकर उरकते आणि तेवढ्याच खर्चात जास्त शेते पाहून होतात. सुखात्मे यांनी गव्हाच्या शेतात वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून तुलना केली, तेव्हा फार लहान तुकड्यांतून निघणारे उत्पादन सातत्याने खऱ्यापेक्षा जास्त येते असे दिसले. याचे कारण हद्दीवर आहे. हद्दीवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. आखणीची दोरीही थोडी बाहेरच्या बाजूला सरकते. ही चूक हद्दीच्या लांबीच्या प्रमाणात वाढते, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने हद्द फार मोठी असते.

हे आकड्यांत पाहता येते. समजा, प्रत्येक बाजूला हद्द फक्त 5 सेंटिमीटर बाहेर गेली. 10 बाय 5 मीटरचा तुकडा मग 10.1 बाय 5.1 मीटरचा होतो आणि क्षेत्र 3 टक्क्यांनी वाढते. पण दोन फूट, म्हणजे सुमारे 61 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ असेल, तर त्याच 5 सेंटिमीटरने क्षेत्र 17 टक्क्यांनी फुगते. अशी हजार वर्तुळे कापली तरी हा फुगवटा कमी होत नाही. उलट, मोठ्या संख्येमुळे चुकीचा आकडा अधिकच पक्का वाटू लागतो. देशात आजही सगळीकडे एकच माप नाही. उत्तर प्रदेशात 10 मीटर बाजूचा समभुज त्रिकोण वापरतात, तर महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आयत. तूर-कापसासारख्या विरळ लागवडीच्या पिकाला मोठा तुकडा लागतो, कारण दोन झाडांमधले अंतरच इतके असते की लहान तुकड्यात एखादे झाड कमी-जास्त झाले तरी वजन बदलते.

माप ठरल्यावर निवड सुरू होते आणि ती पायरीपायरीने खाली उतरते. तालुका किंवा महसूल मंडळ हा आधीच ठरलेला गट. त्यात ते पीक घेणाऱ्या गावांच्या यादीतून काही गावे यादृच्छिक क्रमांकांनी निवडतात. निवडलेल्या प्रत्येक गावात साधारणपणे दोन शेते घेतात आणि प्रत्येक शेतात एक तुकडा. गावांची निवड आणि प्रत्येक गावासाठीचे यादृच्छिक क्रमांक हंगामाच्या आधीच ठरवून खाली पाठवले जातात. ज्याने कापणी करायची त्याने शेत निवडायचे नाही, हा त्यामागचा उद्देश.

एका गावाचे उदाहरण घेऊ. गावातला शेवटचा गट क्रमांक 186 आहे आणि कागदावर दिलेला यादृच्छिक क्रमांक 431. तो 186 पेक्षा मोठा असल्याने 186 ने भागायचा. दोनदा भाग जाऊन बाकी उरते 59. म्हणून गट क्रमांक 59 च्या शेतावर जायचे. तिथे सोयाबीन पेरलेलेच नसेल, तर 60, मग 61, असे पुढे जात पहिले सोयाबीनचे शेत घ्यायचे. इथे एक मोह असतो. 60 चे पीक पिवळे, विरळ आणि तणात दडलेले दिसते, तर 61 चे टवटवीत. पण 60 मध्ये सोयाबीन आहे, म्हणून 60 च घ्यायचे. खराब पीक हे शेत वगळायचे कारण नाही. ते वगळले, तर मोजले जाते ते चांगल्या शेतांचे उत्पादन आणि सही होते मंडळाच्या सरासरीवर.

शेतात पोचल्यावर नैऋत्य कोपऱ्यावर उभे राहायचे. तिथून शेताची लांबी आणि रुंदी पावलांनी मोजायची. समजा लांबी 84 आणि रुंदी 46 पावले भरली. तुकड्याची 10 मीटर लांबी साधारण 13 पावले आणि 5 मीटर रुंदी 7 पावले होते. तुकडा शेताबाहेर जाऊ नये म्हणून लांबीसाठीचा यादृच्छिक क्रमांक 71 पर्यंत आणि रुंदीसाठीचा 39 पर्यंत चालतो. तक्त्यातून 52 आणि 17 हे क्रमांक निघाले, तर नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या दिशेने 52 पावले आणि तिथून रुंदीच्या दिशेने 17 पावले आत जायचे. पाऊल जिथे थांबेल, तो तुकड्याचा पहिला कोपरा. तिथे खुंटी ठोकायची, मग ती जागा बांधालगत असो, पाणी साचलेल्या चरात असो की सगळ्यात भरघोस ओळीत असो. चार खुंट्या ठोकून झाल्या की कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण 11 मीटर 18 सेंटिमीटर भरले, तर कोपरे काटकोनात आहेत. कर्ण मोजायचे राहिले, तर चारही बाजू बरोबर असूनही तुकडा तिरका होऊन त्याचे क्षेत्र 50 चौरस मीटरपेक्षा कमी भरू शकते, आणि मग उत्पादन कमी दिसते.

दोरी ताणल्यावर ज्या रोपांची मुळे आत आहेत तीच आपली. फांदी आत झुकलेली, पण मूळ बाहेर असेल तर ते रोप सोडून द्यायचे. आतले सगळे पीक कापून ताडपत्रीवर मळतात, उफणून स्वच्छ करतात आणि दाण्यांचे वजन घेतात. पावसाळी हवेत कापलेल्या दाण्यात ओल बरीच असते. म्हणून काही प्रयोगांतला थोडा माल पिशवीत बंद करून सुकवतात, पुन्हा तोलतात, आणि जी घट येते तिच्या प्रमाणात उत्पादन कमी करतात. ही घट न धरता ओल्या मालाच्या वजनावर हिशोब केला, तर कागदावर पीक चांगले दिसते आणि खळ्यावर मात्र ते भरत नाही.

आता संख्येचा प्रश्न. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भांड्यातला भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. मंडळातले पीक तसे नसते. एका गावाला दाणे भरण्याच्या वेळी पाऊस मिळतो, शेजारच्या गावावरचे ढग न बरसताच पुढे जातात. माळाची हलकी जमीन आणि नदीकाठची काळी जमीन यांत दुपटीचा फरक पडतो. प्रयोग किती हवेत, हे या फरकांवर ठरते.

समजा, एका मंडळात पाच गावे निवडली आणि प्रत्येकात दोन, असे दहा प्रयोग झाले. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. पहिल्या गावात 7.2 आणि 6.4 किलो, दुसऱ्यात 4.1 आणि 5.3, तिसऱ्यात 8.0 आणि 6.8, चौथ्यात 5.0 आणि 3.4, पाचव्यात 6.1 आणि 7.7. बेरीज बरोबर 60 किलो, सरासरी 6 किलो, म्हणजे हेक्टरी 1,200 किलो. हा आकडा जाहीर होतो. तो किती पक्का आहे, हे त्याच आकड्यांवरून काढता येते.

गावांच्या सरासऱ्या 6.8, 4.7, 7.4, 4.2 आणि 6.9 अशा येतात. प्रत्येकीचे 6 पासूनचे अंतर घेऊन त्यांचे वर्ग केले, तर बेरीज 8.34 होते. तिला गावांच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे 4 ने भागले की 2.085 हा गावागावांतल्या फरकाचा आकडा मिळतो. त्याला पुन्हा 5 गावांनी भागून वर्गमूळ घेतले की सुमारे 0.65 किलो. हेक्टरी हिशोबात ही 129 किलो होते, सरासरीच्या जवळजवळ 11 टक्के. याला प्रमाण त्रुटी म्हणतात: दुसरी पाच गावे निवडली गेली असती, तर सरासरी साधारण किती हलली असती, याचे हे माप. फक्त पाचच गावे असल्यामुळे 95 टक्के विश्वासासाठी या त्रुटीला सुमारे 2.8 ने गुणावे लागते. म्हणजे मंडळाचे खरे उत्पादन साधारण 840 ते 1,560 किलो या पट्ट्यात कुठेही असू शकते. जाहीर होतो मात्र एकच आकडा: 1,200.

इथे एक चूक फार सहज होते. दहा प्रयोग आहेत म्हणून दहाही वजने एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर प्रमाण त्रुटी 129 ऐवजी 97 किलोच निघते आणि आकडा आहे त्यापेक्षा पक्का वाटतो. पण एकाच गावातली दोन शेते एकमेकांसारखी असतात. त्यांना पाऊस एकच आणि बहुतेकदा पेरणीचा आठवडाही एकच असतो. त्यामुळे दुसरे शेत फारशी नवी माहिती आणत नाही. वरच्या उदाहरणात शेताशेतांतल्या एकूण फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग गावागावांमधला आहे आणि फक्त एक तृतीयांश एकाच गावातल्या शेतांमधला.

याचा परिणाम संख्या ठरवताना ठळक दिसतो. याच मंडळात प्रमाण त्रुटी 5 टक्क्यांवर आणायची असेल आणि प्रत्येक गावात दोन शेते घ्यायची असतील, तर 24 गावे आणि 48 प्रयोग लागतात. प्रत्येक गावात चार शेते घेतली, तर गावे 21 पुरतात, पण प्रयोग 84 होतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट कापणी करून फक्त तीन गावे वाचतात. प्रत्येक गावात एकच शेत घेतले, तर 28 गावे आणि 28 प्रयोग. म्हणजे प्रयोग वाढवण्यापेक्षा गावे वाढवणे जास्त उपयोगी. तरीही दोन शेते घेण्याची प्रथा आहे, आणि तिला कारणही आहे: माणसाचा खर्च शेतात कमी आणि गावापर्यंत पोचण्यात जास्त होतो. शिवाय गावात दोन शेते असतील, तरच गावातला फरक आणि गावागावांतला फरक वेगळे करता येतात. प्रत्येक गावात एकच शेत असते, तर वरचे गणित मांडताच आले नसते.

त्रुटी निम्मी करायची तर गावे चौपट लागतात, कारण वर्गमूळ मध्ये येते. आणि एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना पटत नाही: मंडळात सोयाबीनची शेते पाच हजार आहेत की पन्नास हजार, याने लागणारी संख्या जवळजवळ बदलत नाही. ती फरकावर ठरते, क्षेत्रावर नाही. जिल्ह्यासाठी पुरेसे ठरतील तेवढे प्रयोग एका मंडळासाठीही लागतात, कारण मंडळ लहान असले तरी त्यातला फरक त्या प्रमाणात लहान होत नाही.

विम्याची ओढाताण इथूनच येते. शेतकऱ्याला आपल्या शेताच्या जवळचा आकडा हवा असतो, आणि ती मागणी न्याय्य आहे. जिल्ह्याच्या सरासरीत त्याच्या गावचा दुष्काळ हरवून जातो. म्हणून विम्याचा घटक जिल्ह्यावरून तालुक्यावर, तालुक्यावरून मंडळावर आणि काही राज्यांत ग्रामपंचायतीपर्यंत खाली आला. पण योजनेतली किमान संख्या घटकाबरोबर उतरत गेली: जिल्ह्याला 24, तालुक्याला 16, मंडळाला 10, आणि ग्रामपंचायतीला मुख्य पिकासाठी 4. एकूण प्रयोग प्रचंड वाढले, पण प्रत्येक आकड्यामागचा आधार मात्र पातळ झाला. चार प्रयोगांच्या सरासरीत एका शेतातला तुकडा बांधाच्या सावलीत पडला, तरी अख्ख्या पंचायतीचा आकडा सरकतो.

भरपाईच्या सूत्रात ही त्रुटी थेट उतरते. मागच्या सात वर्षांतल्या सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पादन मिळते. उदाहरणातल्या मंडळात ही सरासरी 1,700 किलो आणि जोखीमस्तर 70 टक्के धरला, तर उंबरठा 1,190 किलो येतो. यंदाचे जाहीर उत्पादन 1,200 असल्याने मंडळातल्या कोणालाही काही मिळत नाही. पण खरी सरासरी 1,050 किलो असेल, आणि वरच्या पट्ट्यात ती सहज बसते, तर तूट 140 किलो होते. 140 ला 1,190 ने भागून विमा संरक्षित रकमेने गुणायचे: 50,000 रुपयांच्या रकमेवर सुमारे 5,880 रुपये. दहा तुकड्यांच्या सरासरीत तुकड्यामागे फक्त 50 ग्रॅम कमी भरले, तर उत्पादन 1,190 वर येऊन उंबरठ्याला टेकते. तुकड्यामागे पाऊण किलो कमी भरले, तर ही सगळी भरपाई पदरात पडते. याचा उलट अर्थही तितकाच खरा आहे: निव्वळ नशिबाने हलकी शेते निवडली गेली, तर तूट नसताना भरपाई मिळते आणि तो भार विमा कंपनीवर व सरकारी अनुदानावर पडतो.

पैसा इतका जवळ असल्यामुळे शेतातल्या चुका नुसत्या निष्काळजीपणाच्या राहत नाहीत. गावाच्या समितीचा ओढा आकडा कमी यावा याकडे असतो, तर कंपनीच्या प्रतिनिधीचा जास्त यावा याकडे. म्हणून कापणीच्या वेळी दोघांनी हजर राहायचे असते आणि तलाठी, कृषी सहायक किंवा ग्रामसेवक यांच्यापैकी ज्याच्याकडे ते गाव असेल, त्याने प्रयोग घ्यायचा असतो. सगळ्यात जास्त प्रयोग बिघडतात ते मात्र तारखेमुळे. शेतकरी पाऊस येण्याआधी माल काढून घेण्याच्या घाईत असतो, कर्मचाऱ्याकडे त्याच आठवड्यात अनेक गावे असतात, आणि तो पोचतो तेव्हा शेत रिकामे झालेले असते. मग शेजारचे उभे शेत घेतले जाते. ते उशिरा पेरलेले असल्यामुळेच अजून उभे असते, आणि म्हणून ते बाकीच्या गावाचे प्रतिनिधित्व करत नाही.

अशा गोष्टी नंतर कागदावरून काही अंशी ओळखता येतात. मोबाइल ॲपमधून प्रयोगाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह येते, त्यामुळे तुकडा निवडलेल्या गटातच होता का हे नकाशावर दिसते. वजनांचे शेवटचे अंकही बरेच सांगून जातात. खऱ्या काट्यावर 5.34, 6.17, 4.89 असे आकडे येतात. यादीत 5.0, 5.5, 6.0 यांचीच गर्दी असेल, तर ती वजने तोललेली नसून अंदाजाने लिहिलेली असण्याची शक्यता मोठी. मंडळातल्या दहा वजनांमधला फरक शेजारच्या मंडळांच्या मानाने फार कमी असेल, किंवा एका गावातली दोन्ही वजने वारंवार एकसारखी येत असतील, तरीही शंका घ्यायला जागा असते, कारण पिकात फरक असतोच. प्रमाण त्रुटीचे गणित यादृच्छिक निवडीतून येणारा चढउतार मोजते, पण शेत बदलले की दोरी सैल झाली, हे त्याला कळत नाही. ते शोधायला शेतावर दुसरे माणूस पाठवून काही प्रयोगांवर प्रत्यक्ष देखरेख ठेवावी लागते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या यंत्रणेमार्फत अशी तपासणी 1973-74 पासून चालू आहे.